मे महिन्यातलं लग्न, नऊशे माणसं, पाणी टँकरचं: स्टीलची ताटं की पळसाच्या पत्रावळ्या?

बालाघाटकर (धागा सुरू केला, १७ मार्च)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावातच, शाळेसमोरच्या पटांगणात करायचं ठरलंय. गाव धारूर तालुक्यात, डोंगरावर. १४० उंबरे आहेत आणि सगळ्यांना चूलबंद आवतन. बाहेरगावचे पाहुणे धरून वडिलांचा आकडा बाराशे आहे, माझा नऊशे.

तीन वर्षांमागं थोरलीच्या लग्नात चंदेरी कागदाच्या पत्रावळ्या अन् प्लास्टिकचे ग्लास आणले होते. वळवाच्या वाऱ्यानं ते सगळं गावभर झालं. पुढं दोन महिने बोरी-बाभळींना चंदेरी तुकडे लटकत होते आणि माणसं म्हणायची, "ह्यांच्या घरचं लग्न अजून चालूच हाय." भात पाच घमेली उरला, तो रात्री गायरानात नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तिथला वास आणि कुत्री बघून वडील काही बोलले नाहीत, पण दोन दिवस त्या वाटेनं गेले नाहीत.

ह्या वेळी तसं नको आहे. तालुक्याच्या बिछायत केंद्रात स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात, पण आमच्याकडं एप्रिलपासून टँकर. ताटं धुवायला पाणी कुठून आणू? पळसाच्या पत्रावळ्या घ्याव्यात तर गळतात म्हणे. आणि आचारी नऊशे माणसाला एक क्विंटल तांदूळ मागतोय, तो बरोबर आहे का? ज्यांनी स्वतः पंगती उठवल्या आहेत त्यांनी सांगा.

गोदाकाठचा_पाटील

इतका विचार कशाला करता. पत्रावळ्या अन् ग्लास दोन्ही कागदाचे घ्या. कागद मातीत विरघळून जातो, पाणी लागत नाही, भांडणच मिटलं. उरलेलं अन्न जनावरांपुढं टाका. गावात शंभर जनावरं असतील, तासाभरात फस्त. आमच्याकडं असंच करतात. अन्न वाया जातं ते शहरात, खेड्यात काही वाया जात नाही.

बीडचा_बाळ्या

खर्च वाचवायचा असेल तर सामुदायिक विवाह सोहळ्यात करा. मंडप, जेवण सगळं त्यांच्याकडं.

बालाघाटकर

भाऊ, खर्चाचं नाही विचारलं. कचऱ्याचं अन् उरणाऱ्या अन्नाचं विचारलंय.

औसेकर_अण्णा

बालाघाटकर, मी गावच्या सप्ताहाच्या काल्याची पंगत आणि भावकीतली लग्नं मिळून तीसेक वर्षं वाढप बघतोय. आधी ताटांचं सांगतो, मग भाताचं.

स्टीलचं ताट धुवायला वाहता नळ सोडला तर पाण्याला हिशोब राहत नाही. तीन टपांत धुतलं, म्हणजे पहिल्या टपात राख-साबण, दुसऱ्यात खळबळणं, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, तर आमच्या अनुभवानं ताटाला दीड लिटर लागतं. नऊशे ताटांना साडेतेराशे लिटर. तुम्ही म्हणाल टँकर पाच हजार लिटरचा असतो, भागेल की. भागेल, पण अडचण पाण्याची कमी आणि वेळेची जास्त आहे. बिछायतवाला नऊशे ताटं देत नाही, तीनशे देतो. पहिली पंगत उठली की तीच ताटं धुऊन तिसऱ्या पंगतीला पाहिजेत. मे महिन्यात दुपारी दीड वाजता उन्हात धुणाऱ्या बाया तरी किती मिळणार? मग घाईत टपातलं पाणी बदलत नाहीत. ताट हाताला तेलकट लागलं की पाहुणा समजून जातो. एकदा एका जावयानं ताट उलटं करून तसंच ठेवलं अन् उठून गेला. त्यामुळं टँकरच्या गावात मी ताटाला पळस आणि पाण्याला स्टील असाच सल्ला देतो. ग्लास धुवायला सोपा, त्याला तेल लागत नाही.

पळसाचं असं आहे की पान केव्हाचं ते बघावं लागतं. माघ-फाल्गुनात पळस पान टाकतो आणि फुलतो, नवी पालवी चैत्र-वैशाखात येते. ती कोवळी असते, पत्रावळीला चालत नाही. म्हणजे मेच्या लग्नाला मिळणार ती मागच्या हंगामातली वाळवून ठेवलेली पानं. साठा संपला की मिळत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवा. मेमध्ये शोधायला गेलात तर चंदेरी घेऊनच घरी याल.

वाळकी पत्रावळ तशीच मांडली तर फाटते आणि मग लोक म्हणतात गळते. लग्नाच्या पहाटे गठ्ठे सोडून पाण्याचा हबका मारायचा अन् वरून ओलं पोतं झाकून सावलीत ठेवायचं. दोन तासांत पान मऊ पडतं. भिजवायची नाही, नाहीतर आतल्या अंगाला बुरशीचा वास धरते. आदल्या रात्रीही ओली करायची नाही.

आणि वरण थेट पत्रावळीवर ओतायचं नसतं, हे आजकालच्या वाढप्या पोरांना माहीतच नाही. आधी भात, भातात आळं, आळ्यात वरण. भाजी अंगासरशी ठेवायला सांगा आचाऱ्याला. मठ्ठा द्रोणात नको, ग्लासात द्या.

भाताचं उद्या लिहितो, मोबाईलची बॅटरी संपत आली.

मुक्काम_पोस्ट_रेणापूर

अण्णांच्या सांगण्यात एक भर घालतो. बाजारात "पळसाची" म्हणून जी मशीनवर दाबलेली, काठ उचललेली ताटं मिळतात, त्यांतल्या कितीतरींत वर पान आणि खाली पुठ्ठा असतो, आणि दोन्हींच्या मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. दिसायला हिरवीगार. घेण्याआधी नमुना म्हणून दोन आणा, बादलीत कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पान अन् पुठ्ठा लगद्यासारखा सुटतो आणि पापुद्रा असेल तर तो अख्खा हातात येतो, सापाच्या कातीसारखा.

पाटील, तुमच्या कागदी ग्लासाचं हेच करून बघा. आतून जो गुळगुळीत हात लागतो तो प्लास्टिकचा थर आहे. तो नसता तर पाण्यानं ग्लास दहा मिनिटांत बसला असता. चंदेरी पत्रावळीचंही तेच. राज्यानं २३ मार्च २०१८ ला थर्माकोल अन् प्लास्टिकची ताटं-ग्लास बंद केले, १ जुलै २०२२ पासून देशभरही बंद झाले, आणि दुकानदारानं त्या जागी कागदाचं नाव पुढं केलं.

गोदाकाठचा_पाटील

केलं. ग्लासातून पापुद्रा निघाला, मान्य. पण जनावरांचं मी बोललो ते खोटं नाही.

पशुवैद्य_परभणी

पाटील साहेब, जनावरांचंच खोटं आहे, राग मानू नका. लग्नसराईत आमच्या दवाखान्यात सर्वांत जास्त ज्या तक्रारी येतात त्यांत ही एक आहे. गाय-म्हैस-शेळी यांचं पोट कडबा, गवत पचवायला बसलेलं असतं. सवय नसताना एकदम भात, पुरी, बुंदी भरपूर खाल्ली की पहिल्या कप्प्यात ते झपाट्यानं आंबतं आणि आम्ल वाढतं. पहिल्या दिवशी मालकाला वाटतं, जनावर तृप्त होऊन बसलंय. मग रवंथ थांबतो, चारा तोंडात घेत नाही, पोट डावीकडं तट्ट होतं, शेण पातळ आणि आंबूस वासाचं पडतं. जनावर बसलं आणि उठेना, की बराच उशीर झालेला असतो. शेळीला तर किलो-दोन किलोही जड जातं. गोऱ्हा असो की म्हैस, चारा सुटला की घरी तेल-ताक पाजत बसू नका, डॉक्टरला फोन करा.

गावात शंभर जनावरं असली तरी ती शिस्तीत मूठ-मूठ खात नाहीत. गायरानात ढीग टाकला की जी दोन-तीन दांडगी असतात तीच ढोसतात. तुम्हाला द्यायचंच असेल तर ज्याच्या त्याच्या गव्हाणीत, रोजच्या कडब्यावर ओंजळभर, बस. बाकीचं खड्ड्यात घाला. आणि हातानं टोचलेल्या पत्रावळीत काड्या असतात. त्या जनावरानं गिळू नयेत म्हणून उष्ट्या पत्रावळ्याही पुढं टाकू नका.

बालाघाटकर, तुम्ही तीन वर्षांमागं गायरानात टाकलात त्या आठवड्यात गावात कुणाचं जनावर दगावलं का, हे एकदा विचारून बघा. मी आरोप करत नाही.

बालाघाटकर

डॉक्टर, विचारायची गरज नाही. भावकीतल्याच एकाची म्हैस गेली होती. तेव्हा सगळे "साप चावला" म्हणाले.

मीनल_संभाजीनगर

मी वाचतेय सगळं. आमच्याकडं मागच्या महिन्यात बाळाचं बारसं झालं, सोसायटीच्या हॉलमध्ये, साठ माणसं. मी शेजारच्या पाच घरांतून ताट-वाट्या गोळा केल्या आणि प्रत्येक घराच्या भांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. एकही वाटी हरवली नाही. कचरा एक लहान पिशवी. पण परतभेटींचं काय करावं हे कळलं नाही. सासूबाईंनी प्लास्टिकचे डबे दिलेच. तुम्ही लोक आहेराच्या टॉवेल-टोपीचं काय करता?

औसेकर_अण्णा

मीनलताई, साठ माणसाला दोरा चालतो, नऊशेला चालत नाही. पण कल्पना चांगली आहे, लहान कार्याला मी सांगत जाईन. टॉवेल-टोपी हा वेगळाच धागा होईल. माझ्या ट्रंकेत तेवीस टोप्या आहेत, त्यातली एक डोक्याला बसत नाही.

आता भात. आचारी नऊशेला क्विंटल मागतो म्हणजे शेकडा अकरा किलो झाला. नुसतं वरण-भात असतं तर ठीक होतं. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, भजी असताना आमच्याकडं शेकडा आठ किलो पुरतो. आचारी जास्त मागतो त्यात त्याचा स्वार्थ नसतो, भीती असते. भात कमी पडला तर शिव्या त्याला, उरला तर यजमानाला. तेव्हा त्याच्याशी आकड्यावर वाद घालू नका. "तांदूळ क्विंटल आणून ठेवतो, पण मी सांगेन तेवढाच चुलीवर चढवायचा," एवढं कबूल करून घ्या. शिजला नाही तो तांदूळ वाया जात नाही, शिजलेला जातो. किराणावाल्याशीही आधीच बोला, न उसवलेला कट्टा परत घेईल का म्हणून. बहुतेक जण घेतात.

मग घाणे. मोठ्या पातेल्यात पंधरा किलोचा एक घाणा धरा. पहिल्या पंगतीआधी दोन घाणे, ती बसली की तिसरा. हे पंचेचाळीस किलो साडेपाचशे माणसाला जातात. चौथ्याचं आधण उकळत ठेवायचं, पण तांदूळ धुऊन बाजूला. आधण तयार असलं की भात वीस-पंचवीस मिनिटांत होतो, आणि दीडशे माणसाची एक पंगत उठायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला एक पंगत आधी ठरवता येतं, चढवू की नको.

ठरवायचं कशावर? मोजणीवर. इथं पत्रावळ कामाला येते. एक समजदार माणूस फक्त पत्रावळ्यांवर बसवा, शंभराचा गठ्ठा सोडला की एक रेघ ओढायची. किती माणसं जेवली ते त्याच्या वहीत असतं. उरलेली किती, हे मंडपात डोकी मोजून कळतं. पुरीचंही असंच, कणीक सगळी एकदम मळायची नाही.

वरण जरा घट्ट ठेवा, माणसं वाढली तर कढत पाणी अन् फोडणी घालून वाढवता येतं. ज्यात मन मोकळं करायचं ते बुंदीत करा. बुंदी चार दिवस टिकते, पाहुण्यांना बांधून देता येते. शिऱ्यात, भाजीत अन् मठ्ठ्यात हात आखडता. वांग्याची भाजी मेच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबते.

केजची_आशाताई

अण्णांचं बरोबर आहे, पण उरलंच तर काय, ह्यावर कुणी बोललं नाही. मी आरोग्याचं काम करते म्हणून सांगते. लोक संध्याकाळी सातला भात उरलेला बघतात, आठला ठरवतात, नऊला पालावर किंवा वीटभट्टीवर नेतात. तो भात दुपारी बाराला शिजलेला असतो. दानाच्या नावाखाली आजारपण वाटणं झालं ते. भातात एक जिवाणू असतो, तो शिजवूनही पुरता मरत नाही. भात कोमट राहिला की वाढतो, आणि त्याचं विष परत गरम केल्यानंही जात नाही. म्हणून "गरम करून देऊ की" हे भाताला लागू होत नाही.

मी असं सांगते, शिजल्यापासून दोन तासांत खाणाऱ्याच्या पोटात गेला पाहिजे, एवढा वेळ असेल तरच द्या. म्हणजे कुठं द्यायचं ते लग्नाआधीच ठरवून ठेवायचं, फोन नंबर अन् गाडी सकट. मेमध्ये वसतिगृहं बंद असतात, तिकडं धावू नका. वीटभट्टी चालू असते. आणि मुकादमाला नाही, तिथल्या बाईला विचारायचं किती माणसं, त्यांनी त्या दिवशी चूल पेटवली का. त्यांचा स्वयंपाक झाल्यावर आपण घमेलं घेऊन गेलो तर ते आपलं ओझं त्यांच्या दारात टाकणं होतं.

मुक्काम_पोस्ट_रेणापूर

आमच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी गावकरी घरूनच ताट-तांब्या घेऊन येतात. जेवतात, घरी जाऊन आपापलं धुतात. कचरा शून्य, पाणी ज्याच्या त्याच्या घरचं. चूलबंद असलेल्या १४० घरांनी लग्नाला तसंच केलं तर? पाहुण्यांपुरत्या पत्रावळ्या घ्यायच्या.

औसेकर_अण्णा

काल्याला चालतं कारण तिथं देव यजमान असतो. लग्नात आवतन देऊन "ताट आणा" म्हणलं तर भावकी ताट आणेल, पण ते वाजवत आणेल. मी सुचवणार नाही.

मुक्काम_पोस्ट_रेणापूर

अण्णा, माझ्या आजोबांच्या लग्नात लोक घरून तांब्या आणायचे म्हणून मी ऐकलंय. लाज ही नंतरची आहे.

औसेकर_अण्णा

असेल. पण लग्न आजोबांचं नाही.

बालाघाटकर

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या लग्नात कर." विषय संपला.

एक अडचण माणसं मोजण्याची. चूलबंद म्हणजे घरातली सगळी. १४० घरं गुणिले पाच केलं की सातशे होतात, त्यावर पाहुणे. वडिलांचे बाराशे तिथून येतात.

केजची_आशाताई

अंगणवाडीच्या ताईला घेऊन बसा. कुठल्या घरात मेमध्ये किती माणसं असतात हे तिला तोंडपाठ असतं. कोण पुण्याला गेलंय, कोण ऊसतोडीहून परत आलंय, कुणाकडं बाळंतीण माहेरी आलीये. घराला पाच धरू नका, घर बघून धरा.

पशुवैद्य_परभणी

आणि खड्डा आत्ताच खणून ठेवा. लग्नानंतर कुणी खणत नाही. उष्ट्या पत्रावळ्या आणि खरकटं एका थरात, त्यावर शेणकाला, त्यावर वीतभर माती. माती घातली नाही तर माश्या आणि कुत्री.

*(पुढची पोस्ट १९ मेची)*

बालाघाटकर

लग्न झालं. सांगितल्याप्रमाणं झालेलं अन् न झालेलं दोन्ही लिहितो.

अंगणवाडीच्या ताईसोबत एका संध्याकाळी बसलो. १४० घरांतली माणसं ४९० निघाली, सात घरांना तर कुलूपच. पाहुणे ३८० धरले. एकूण ८७०. वडील म्हणाले, "कमी पडलं तर तूच तोंड दाखव." पत्रावळ्या एक हजार सांगितल्या. नमुना बादलीत टाकून बघितला होता. पहिल्या दुकानदाराच्या मालातून पापुद्रा निघाला, म्हणून दुसऱ्याकडून हातानं टोचलेल्या घेतल्या. पहाटे चारला आई अन् दोन चुलत्यांनी पाण्याचा हबका मारला, ओली पोती टाकली. एकशेवीसएक पत्रावळ्या किडकी पानं म्हणून बाजूला काढाव्या लागल्या. एक हजार घेतल्या होत्या म्हणून निभावलं.

तांदूळ क्विंटल आणला होता. मामा पत्रावळ्यांवर वही घेऊन बसले. निवृत्त तलाठी आहेत, त्यांना असलं काम आवडतं. मुहूर्त १२ वाजून ३२ मिनिटांचा होता. परण्या मारुतीच्या पारापाशी डीजेपुढं अडकला, अक्षता पडल्या पावणेदोनला. आचारी बारा वाजताच तिसरा घाणा चढवायला निघाला होता, त्याला हाताला धरून थांबवलं. तो चढला असता तर तोही पंगतीत जाईपर्यंत दोन तासांचा झाला असता. शेवटी चार घाणे पूर्ण आणि पाचवा सात किलोचा, असा ६७ किलो शिजला. मामांच्या वहीत ८१२ पत्रावळ्या. फाटून बदललेल्या वजा केल्या तर ७९० माणसं जेवली. भात एक घमेलं उरलं, शेवटच्या घाण्यातला. तो पावणेचारला उतरला होता, साडेचारला भट्टीवर पोचला. तिथल्या बाईशी सकाळीच बोलणं झालं होतं, त्यांनी संध्याकाळची चूल पेटवली नव्हती. सोबत बुंदी दिली. ३३ किलो तांदूळ न शिजता राहिला, त्यातला एक २५ किलोचा कट्टा दुकानदारानं परत घेतला.

आता फसलेलं. भाजी. आचाऱ्यानं वांगी-बटाटा एकाच कढईत, एकाच वेळी, नऊशे माणसाची टाकली. मी भातापाशी उभा होतो, भाजीकडं लक्ष गेलंच नाही. दोन मोठी पातेली उरली, सातपर्यंत फेस आला. खड्ड्यात गेली. पातेली खड्ड्यात उपडी करताना वडील जवळ उभे होते.

दुसरं, ताटातलं उष्टं. वाढपी पोरं लहान लेकरांच्या पत्रावळीवरही मोठ्यांएवढीच बुंदी टाकत होती. तिसऱ्या पंगतीपासून लेकरांची ओळ वेगळी बसवली आणि वाढायला माझ्या आत्याला उभं केलं. ती पोरांना विचारून वाढते. फरक डोळ्यानं दिसत होता.

तिसरं, आणि हे माझ्या मनाला लागलं. हळदीचं जेवण आम्ही कुणी धरलंच नव्हतं. सगळा विचार लग्नाच्या दिवसाचा. आदल्या रात्री दीडशे माणसं आली आणि चुलत भाऊ मोटरसायकलवर जाऊन चंदेरी पत्रावळ्या घेऊन आला. पत्रावळ्यांचे गठ्ठे घरात होते, पण रात्री कोण ओल्या करणार?

गोदाकाठचा_पाटील

ग्लासांचं काय झालं? पाणी पुरलं का?

बालाघाटकर

स्टीलचे अडीचशे ग्लास. साठ लिटरचे तीन टप, दोनदा बदलले, म्हणजे साधारण साडेपाचशे लिटर. पुरलं. म्हातारी माणसं तांब्यानं वरूनच पाणी पीत होती, त्यांना ग्लास लागलाच नाही. अकरा ग्लास कमी भरले, बिछायतवाल्याला पैसे दिले. एक ग्लास काल मारुतीच्या पारावर सापडला, त्यात कुणीतरी दिवा लावून ठेवला होता.

औसेकर_अण्णा

अकरा म्हणजे काहीच नाही. आमच्या सप्ताहात चाळीस जातात. हळदीचं मी सांगायला पाहिजे होतं, ती चूक माझी. हळदीच्या जेवणाला स्टील चालतं. दीडशेच माणसं असतात, रात्रीचा गारवा असतो, आणि भावकीतल्या बाया बसलेल्याच असतात.

केजची_आशाताई

अण्णा, त्या बाया दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठणार असतात. भावकीतल्या पोरांना धुवायला बसवा.

पशुवैद्य_परभणी

खड्ड्यावर माती घातली का?

बालाघाटकर

घातली, डॉक्टर. शेणकालाही. वास नाही, पण एका कोपऱ्यातून कुत्र्यांनी उकरलंय, तिथं काटे टाकलेत.

एक राहिलं. चहा. पाहुणे येताना अन् जाताना, दोन वेळा मिळून सहाशे-सातशे कप झाले असतील, सगळे कागदी. त्याला मला काही सुचलं नाही. पंगतीसारखं माणसं एका ओळीत बसत नाहीत, उभ्या उभ्या पितात, कप कुठंही ठेवतात. कुणी केलंय का वेगळं काही?

मुक्काम_पोस्ट_रेणापूर

टपरीवरचे काचेचे छोटे ग्लास भाड्यानं आणले होते एकदा, चहावाला पोरगा अन् बादलीसकट. अर्धे फुटले. काच मातीत राहिली, ती कागदापेक्षा वाईट. स्टीलच्या वाट्या चालतील का, माहीत नाही, हाताला चटका बसतो.

मीनल_संभाजीनगर

मी बारशाला चहाच ठेवला नाही, पन्हं ठेवलं होतं. मेमध्ये चहा लागतोच का?

औसेकर_अण्णा

ताई, व्याह्यांना चहा दिला नाही तर ते मांडवात बसत नाहीत.